बूट, बेल्ट आणि घड्याळ: औपचारिक पोशाखात चामडे आणि धातू जुळवण्याचा क्रम

सूट अंगाला नीट बसलेला असतो, शर्टाला कडक इस्त्री असते, आणि तरीही कंबरेपाशी काहीतरी खटकते. जवळून पाहिले, तर काळ्या बुटांवर तपकिरी बेल्ट असतो, किंवा सोनेरी घड्याळ घातलेला हात चकचकीत चंदेरी बक्कलाशेजारी आलेला असतो. चामड्याचा रंग एक असावा आणि धातूचा रंग एक असावा, हा नियम बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही चूक होते, कारण वस्तू उलट्या क्रमाने घेतल्या जातात. पाकिटासोबत भेटीच्या डब्यात आलेला बेल्ट आधीच कपाटात असतो, बूट सणाच्या सवलतीत घेतलेले असतात, घड्याळ कोणीतरी दिलेले असते, आणि समारंभाच्या सकाळी या तिघांची पहिली भेट होते.

या तिन्ही वस्तूंमध्ये चामडे आणि धातू ही दोन्ही द्रव्ये ठळकपणे एकत्र येतात ती बेल्टमध्ये. त्याचे चामडे बुटांशी जुळायला हवे आणि त्याचे बक्कल घड्याळाशी. त्यामुळे बूट आणि घड्याळ निश्चित झाल्याखेरीज बेल्ट निवडता येत नाही. तो सर्वांत शेवटी घ्यायचा असतो. पुढील सर्व टप्पे याच क्रमाने मांडले आहेत.

उदाहरण म्हणून माझ्या भाच्याचा पोशाख घेतो. लग्नानंतरच्या स्वागत समारंभासाठी त्याच्याकडे गडद निळा सूट, दोन वर्षे वापरलेले तपकिरी डर्बी बूट, सासरकडून मिळालेले सोनेरी धातूच्या पट्ट्याचे घड्याळ, एका बाजूने काळा व दुसऱ्या बाजूने तपकिरी असा उलटा-सुलटा वापरायचा बेल्ट आणि चंदेरी कफलिंक होत्या. समारंभाला चार दिवस होते.

१. सर्व वस्तू दिवसाच्या उजेडात मांडा

जुळवणी आरशासमोर सुरू करू नये, खिडकीजवळ सुरू करावी. सुटाची पँट पलंगावर पसरा, तिच्या खालच्या टोकाशी कागद ठेवून त्यावर बूट ठेवा, कंबरेच्या जागी बेल्ट ठेवा आणि बाहीच्या टोकाशी घड्याळ ठेवा. धातूची जी जी गोष्ट दिसणार आहे तीही मांडा: कफलिंक, टायपिन, मंक स्ट्रॅप बुटांचे बक्कल, लोफरवरील धातूची पट्टी. ब्लेझर किंवा बंदगळा घालणार असाल तर त्याची बटणे विसरू नका. गडद निळ्या ब्लेझरला पितळी बटणे असतील, तर घड्याळाचा विचार होण्याआधीच पोशाखात सोनेरी रंग येऊन बसलेला असतो.

हे काम सकाळी किंवा दुपारी, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीपाशी करावे. पिवळ्या दिव्याखाली काळा, गडद तपकिरी आणि गडद निळा हे तिन्ही रंग एकमेकांत मिसळतात, आणि त्याच दिव्यात चंदेरी बक्कलावर सोनेरी झाक चढते.

*तपासणी:* काळे समजून ठेवलेले चामडे खरोखर काळे आहे का, हे पाहण्यासाठी त्याच्याशेजारी एखादी निश्चित काळी वस्तू ठेवा. गडद कॉफी रंगाचा बेल्ट अनेक घरांत वर्षानुवर्षे काळा म्हणून वापरला जातो.

२. जे बदलता येणार नाही ते आधी ठरवा

मांडलेल्या वस्तूंपैकी कोणती वस्तू घालणे अपरिहार्य आहे, हा पहिला निर्णय. काहींच्या बाबतीत ते बूट असतात, कारण मोठ्या मापाचे किंवा रुंद पायाचे बूट सहज मिळत नाहीत. काहींच्या बाबतीत ते वडिलांचे जुने घड्याळ असते. भाच्याच्या बाबतीत घड्याळ अपरिहार्य होते. सासरची मंडळी समोर असताना ते हातात नसणे योग्य दिसले नसते. त्यामुळे त्याच्या पोशाखाचा धातू सोनेरी ठरला, आणि उरलेल्या प्रत्येक धातूने आता त्याच्या मागे जायचे होते.

लग्नाची अंगठी, श्रद्धेने घातलेला कडा, खड्याची अंगठी आणि गळ्यातील साखळी या हिशेबात धरू नये. त्या वस्तू माणसाच्या असतात, पोशाखाच्या नसतात, आणि पाहणाराही त्यांना तसेच पाहतो. सोन्याची अंगठी आहे म्हणून स्टीलचे घड्याळ काढून ठेवण्याची गरज नाही. चष्म्याच्या फ्रेमलाही मी हीच सूट देतो, कारण चष्मा रोजचा असतो आणि तो चेहऱ्याशी जुळवलेला असतो.

३. बुटांचा रंग आणि पोत नेमका ओळखा

नवीन बूट घ्यायचे असतील तर निवड सुटावरून होते. काळ्या सुटावर काळेच बूट. कोळशासारख्या गडद करड्या सुटावर काळे बूट सर्वांत सुरक्षित असून फार गडद तपकिरीही चालतात. गडद निळ्या सुटावर काळे, गडद तपकिरी किंवा गडद तांबूस, तिन्ही शोभतात. फिकट टॅन बूट गडद सुटावर पायांकडेच लक्ष ओढून घेतात. संध्याकाळच्या औपचारिक प्रसंगी ते टाळावेत.

बूट जुने असतील, तर त्यांचा आजचा रंग पाहावा, खरेदीच्या वेळचा नव्हे. तपकिरी चामडे पॉलिशने आणि वापराने गडद होत जाते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही: पुढचे टोक व टाच अधिक गडद होतात, बाजू फिकट राहतात. भाच्याच्या बुटांच्या खोक्यावर ‘टॅन’ असे लिहिले होते, पण दोन वर्षांच्या पॉलिशनंतर ते भाजलेल्या बदामासारखे झाले होते. खोक्यावरील नाव पाहून बेल्ट मागवला असता, तर तो बुटांपेक्षा स्पष्टपणे फिकट आला असता. बेल्ट जुळवताना बुटाची बाजू प्रमाण मानावी, कारण उभ्या माणसाच्या बुटाचा तोच भाग सर्वांत जास्त दिसतो.

रंगाइतकाच पोत महत्त्वाचा असतो. गुळगुळीत, चकाकणाऱ्या बुटांशी मखमलीसारखा सुएडचा बेल्ट विसंगत दिसतो, रंग अगदी तोच असला तरीही. साध्या चामड्याच्या बुटांवर मगरीच्या कातडीचा ठसा उमटवलेला बेल्टही नको. घड्याळाच्या पट्ट्यावर मात्र असा ठसा चालतो, कारण तो भाग लहान असतो आणि बराचसा बाहीखाली राहतो.

*सावधान:* बेल्टचा रंग बुटांजवळ आणण्यासाठी त्यावर रंगीत मेणाचे पॉलिश लावू नका. ते पूर्णपणे मुरत नाही, आणि घामाने व घर्षणाने शर्टावर व पँटच्या कंबरपट्टीवर उतरते. बेल्टला फक्त रंगहीन क्रीम लावावे. रंग बदलायचाच असेल, तर बुटाला किंचित गडद क्रीम लावून तो बेल्टजवळ न्यावा.

४. घड्याळाचा धातू कोणत्या कुटुंबातला आहे ते ठरवा

धातूच्या रंगाची दोन मोठी कुटुंबे आहेत. चंदेरी कुटुंबात स्टील, निकेल, क्रोम, चांदी आणि प्लॅटिनम येतात. सोनेरी कुटुंबात सोने, सोन्याचा मुलामा आणि पितळ येतात. जुळवणी कुटुंबाशी करायची असते, नेमक्या छटेशी नाही. निकेल किंचित पिवळसर आणि क्रोम किंचित निळसर असते, पण मनगट आणि कंबर यांच्यातील अंतरावरून हा फरक दिसत नाही.

सोनेरी कुटुंबात मात्र थोडी काळजी लागते. घड्याळाचे सोनेरीपण अनेकदा फिकट असते आणि स्वस्त बक्कलाचे सोनेरीपण हळदीसारखे गडद व चकचकीत असते. अशा वेळी गुळगुळीत चकाकणारे बक्कल न घेता बारीक रेघा असलेले, मंद चमकीचे बक्कल घ्यावे. मंद पृष्ठभागावरून प्रकाश विखुरतो आणि दोन सोनेरी छटांमधील तफावत बरीच कमी जाणवते.

गुलाबी सोनेरी घड्याळ सर्वांत अवघड. त्या रंगाचे औपचारिक बक्कल क्वचित मिळते, आणि पिवळे बक्कल त्याच्याशेजारी ठेवले की दोन्ही वस्तू चुकीच्या वाटतात. तपकिरी बुटांबरोबर ते घालायचे असेल, तर चामड्याने मढवलेल्या बक्कलाचा बेल्ट घ्यावा. कंबरेवर धातूच दिसला नाही की प्रश्न उरत नाही. स्टील आणि सोनेरी अशा दुरंगी घड्याळाला दोन्ही बक्कले चालतात, तेव्हा कफलिंक किंवा बटणे ज्या कुटुंबातली असतील त्यांच्या बाजूने निर्णय घ्यावा. काळा लेप दिलेले घड्याळ औपचारिक सुटावर न घातलेलेच बरे.

५. घड्याळाचा पट्टा चामड्याचा असेल तर

अशा घड्याळाला दोन अटी पाळाव्या लागतात: तबकडीभोवतीच्या चौकटीचा धातू बेल्टच्या बक्कलाशी आणि पट्ट्याचा रंग बुटांशी. काळ्या बुटांना काळा पट्टा, तपकिरी बुटांना तपकिरी. येथे छटा तंतोतंत जुळण्याची गरज नाही, एकाच घराण्यातल्या रंगाने काम भागते. धातूच्या पट्ट्याचे घड्याळ चामड्याच्या बाबतीत तटस्थ असते, आणि म्हणूनच काळे व तपकिरी असे दोन्ही जोड वापरणाऱ्याला स्टीलच्या पट्ट्याचे एक घड्याळ पुरते.

एकच घड्याळ दोन्ही रंगांच्या बुटांवर चालवायचा दुसरा मार्ग म्हणजे पट्टा बदलणे. घड्याळाच्या ज्या दोन शिंगांमध्ये पट्टा बसतो त्यांच्यामधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजा; पुरुषांच्या घड्याळांत ते बहुधा १८, २० किंवा २२ मिमी असते. त्याच मापाचा पट्टा घ्यावा. पट्टा धरून ठेवणारी बारीक स्प्रिंगची काडी स्वतः काढणार असाल, तर शिंगांच्या मागील बाजूस चिकटपट्टी लावून घ्या, म्हणजे हत्यार निसटले तरी ओरखडा पडणार नाही.

*सावधान:* नव्या पट्ट्यासोबत येणारे छोटे बक्कल बहुधा चंदेरी असते. सोनेरी घड्याळाला असा पट्टा लावला, की टेबलावर हात ठेवताना मनगटाच्या खालच्या बाजूला विसंगत धातू दिसतो. जुन्या पट्ट्याचे बक्कल त्याच रुंदीचे असेल, तर दुकानदाराकडून तेच नव्या पट्ट्यावर चढवून घ्यावे.

६. आता बेल्ट निवडा

येथवर दोन गोष्टी हातात आलेल्या असतात: चामड्याचा रंग बुटाकडून आणि धातूचे कुटुंब घड्याळाकडून. दुकानात जाताना एक बूट कापडी पिशवीत घालून सोबत न्या आणि घड्याळ हातात घाला. आठवणीवरून तपकिरी रंग जुळवता येत नाही, याचा अनुभव आम्ही घेतला. भाचा पहिल्या दिवशी बूट न नेता गेला आणि दुकानातील पिवळ्या दिव्यांत अगदी बरोबर वाटलेला बेल्ट घेऊन आला. घरी खिडकीशी धरल्यावर तो विटकरीसारखा लालसर निघाला. तो बदलून घेताना बूट सोबत नेला, आणि प्रत्येक बेल्ट दुकानाच्या दाराबाहेर नेऊन पाहिला.

ऑनलाइन घेताना बेल्टच्या छायाचित्रातील रंगावर विसंबू नये. तो घरी आल्यावर बूट, बेल्ट आणि घड्याळ एकाच चौकटीत ठेवून फोटो काढावा. वेगवेगळे फोटो काढले तर कॅमेरा प्रत्येक वेळी रंगांचा समतोल स्वतः बदलतो, आणि तुलना निरर्थक ठरते.

*रंग:* काळ्याला काळाच. तपकिरीत तंतोतंत छटा मिळाली नाही, तर बेल्ट बुटापेक्षा किंचित गडद असावा, फिकट नसावा. गडद पँटवर फिकट बेल्ट आडव्या पट्ट्यासारखा उठून दिसतो आणि शरीराचे दोन तुकडे पाडतो.

*रुंदी:* औपचारिक बेल्ट ३ ते ३.५ सेंमी रुंद असावा. जीन्सचा ४ सेंमीचा बेल्ट सुटाच्या पँटच्या लूपमध्ये कसाबसा जातो आणि तेथे कापड दुमडते. कडेला पांढऱ्या दोऱ्याची शिलाई असलेला बेल्टही जीन्ससाठी ठेवावा.

*बक्कल:* साध्या चौकटीचे, एका काडीचे बक्कल सर्वांत योग्य. आपल्याकडे खूप खपणारे ऑटो-लॉक बक्कल सोयीचे आहे, परंतु त्याचा पत्रा मोठा असतो आणि त्यावर बहुधा कंपनीचे चिन्ह असते. धातूचा जेवढा मोठा तुकडा, तेवढी विसंगती ठळक. उलटा-सुलटा बेल्ट मी औपचारिक प्रसंगासाठी सुचवत नाही. त्याच्या कडांना दुसऱ्या बाजूचा रंग डोकावतो, आणि फिरणाऱ्या बक्कलाचा सांधा कालांतराने ढिला होऊन बक्कल तिरके बसते. शिवाय त्यात चामडे दोन रंगांचे मिळते, बक्कल मात्र एकच राहते, त्यामुळे निम्मीच जुळवणी साधते.

*लांबी:* पँटवरील आकडा पाहून बेल्ट घेऊ नका. सध्या वापरात असलेल्या बेल्टवर, बक्कल जेथे चामड्याला जोडलेले आहे तेथून तुम्ही वापरता त्या छिद्रापर्यंत मोजा. हे अंतर नव्या बेल्टच्या मधल्या छिद्राशी जुळले पाहिजे. पाच छिद्रांच्या बेल्टमध्ये मधले छिद्र वापरात असेल, तर वजन थोडे वाढले वा घटले तरी बेल्ट चालतो. साधारणपणे पँटच्या कंबरेपेक्षा २ इंच मोठा आकार लागतो. ३४ च्या पँटला ३६ चा बेल्ट. काही कंपन्या माप सेंटिमीटरमध्ये देतात, त्यात ३६ इंच म्हणजे साधारण ९० सेंमी.

*तपासणी:* बेल्ट लावल्यावर त्याचे मोकळे टोक तुमच्या डाव्या हाताकडे जावे, पँटच्या पहिल्या लूपमधून पार व्हावे आणि त्यानंतर थोडक्यात संपावे. टोक लूपपर्यंत पोहोचत नसेल तर बेल्ट आखूड आहे. कमरेच्या बाजूपर्यंत जात असेल तर लांब आहे. लांब बेल्ट टोकाकडून कधीही कापू नका. बक्कल स्क्रूने किंवा चिमट्याने बसवलेले असेल, तर ते काढून त्या बाजूने चामडे कापतात. मोची हे काम काही मिनिटांत करून देतो.

७. उरलेले धातू कमी करा

भाच्यासाठी अखेर ३.२ सेंमी रुंदीचा, गडद बदामी, मंद चमकीच्या सोनेरी काडीच्या बक्कलाचा बेल्ट मिळाला. राहिल्या त्या चंदेरी कफलिंक. सोनेरी कफलिंक नव्याने घेण्याचा विचार झाला, पण त्याच्याकडे साध्या बटणांच्या कफचा पांढरा शर्ट होताच. तो घातल्याने कफलिंकचा प्रश्नच संपला. टायपिनही वगळली.

न जुळणाऱ्या छोट्या धातूच्या जोडीला दुसरा धातू विकत घेण्यापेक्षा तो काढून टाकणे जवळजवळ नेहमीच बरे. डोळा दोन धातूंची जुळणी सहज टिपतो. पाच धातू एकाच रंगाचे असले तरी ते दागिन्यांसारखे दिसू लागतात.

काही पोशाखांत बेल्टच लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. टक्सिडोला बेल्ट नसतो. गॅलिस लावणार असाल तर बेल्ट लावू नये. तीन तुकड्यांच्या सुटात बक्कलामुळे वेस्टकोट पोटावर फुगतो, म्हणून पँटच्या कडेला आवळपट्ट्या करून घेणे अधिक नेटके. बंदगळ्याखाली बेल्ट दिसत नाही, तेव्हा घड्याळ थेट बटणांशी जुळवावे.

८. आदल्या रात्री पूर्ण पोशाख घालून पाहा

पलंगावर जुळलेला पोशाख अंगावर वेगळा दिसू शकतो. सूट, बूट, बेल्ट आणि घड्याळ घालून आरशापासून सुमारे दोन मीटर दूर उभे राहा. हात सरळ खाली सोडा, कारण याच स्थितीत घड्याळ आणि बक्कल एकाच दृष्टिक्षेपात येतात. डोळे किंचित मिटून पाहा. सर्वांत आधी जी वस्तू उठून दिसते ती विसंगत आहे. नंतर बसून पाहा आणि हात पुढे करा: घड्याळ कफखाली सहज सरकते की अडकते, हे तेव्हाच कळते. जाड घड्याळ कफला अडकून सतत पूर्ण उघडे राहते आणि त्याचा धातू दुप्पट जाणवतो.

बक्कलाची चौकट व काडी बोटांनी चाचपा. पावसाळ्याच्या दमट हवेत स्वस्त बक्कलाचा मुलामा कडेला फुगतो किंवा काळवंडतो, आणि खालचा धातू दिसू लागला की रंगाचे कुटुंबच बदलते. असे बक्कल घासून उजळवू नका, मुलामा आणखी निघेल. चौकट काढता येत असेल तर तीच बदलून घ्या. चामड्यावर बुरशीची पांढरी झाक असल्यास कोरड्या मऊ कापडाने पुसून, सावलीत वारा देऊन, मगच रंगहीन क्रीम लावा. बेल्ट गुंडाळून ठेवू नये. बक्कलाने खिळ्याला टांगून ठेवला तर सकाळी तो सरळ बसतो, आणि वापरातल्या छिद्रापाशी वळी पडत नाही.